‘थंडावा देणारं’ कापड घेण्याआधी: दावा कसा तपासायचा

उन्हाळा जवळ आला की चादरी, उशीचे अभ्रे, बनियन, टी-शर्ट, सगळ्यांवर एकच भाषा दिसू लागते: कूलिंग, आइस टच, तापमान नियंत्रक, पाच अंश थंड. कपड्यांच्या खरेदीच्या कामामुळे अशा मालाचे नमुने आणि प्रयोगशाळेचे अहवाल माझ्याकडे येत राहतात. त्यातले काही दावे खरे असतात, पण ज्या कामासाठी आपण वस्तू घेतो त्या कामाचे नसतात. काही दावे सुरुवातीची काही मिनिटं खरे असतात आणि काही निव्वळ छपाई असते. हे वेगळं कसं करायचं ते क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून गादीवर घालायची ‘तापमान नियंत्रक’ चादर घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिच्याच बाबतीत होतो.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. कापड थंडी तयार करत नाही. त्यात वीज नाही, बर्फ नाही. शरीरातून सतत उष्णता बाहेर पडत असते आणि ती कुठेतरी गेली पाहिजे. म्हणून प्रत्येक दाव्याला दोनच प्रश्न विचारायचे: उष्णता जाते कुठे, आणि किती?

जवळ काय लागेल

- वस्तूचं लेबल: धाग्याचं प्रमाण, धुण्याच्या सूचना आणि दिलेलं असेल तर जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन
- विक्रेत्याने दाखवलेला चाचणी अहवाल (पूर्ण पान; जाहिरातीत कापून लावलेला तुकडा नको)
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- ड्रॉपर किंवा लहान चमचा, पाणी, मोबाइलवरचं घड्याळ
- तुलनेसाठी तेवढ्याच जाडीचं साधं, धुतलेलं सुती कापड. हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

१. दावा कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा

बाजारातले जवळजवळ सगळे दावे चार जातींत बसतात. पहिली जात स्पर्शाला गार लागणाऱ्या कापडाची. दुसरी उष्णता साठवणाऱ्या पदार्थाची, म्हणजे पीसीएमची. तिसरी घाम पसरवून लवकर सुकवणाऱ्या कापडाची. चौथी कापडाला लावलेल्या एखाद्या द्रव्याची, ज्याने त्वचेला गार वाटतं.

पाकिटावर यातलं काहीच स्पष्ट नसेल, फक्त निळा रंग, बर्फाचे स्फटिक आणि ‘प्रगत तंत्रज्ञान’ एवढंच असेल, तर तपासण्यासारखा दावाच तिथे नाही. ते साधं कापड समजा आणि साध्या कापडाच्या भावातच तोला. ‘आइस सिल्क’ अशा नावांचंही तेच. लेबल उलटून पाहिलं की बहुतेक वेळा नायलॉन किंवा व्हिस्कोस निघतं, रेशीम नसतं. नायलॉन वाईट असं नाही, पण आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे.

२. ‘आइस टच’: क्यू-मॅक्सचा आकडा वाचायला शिका

अनवाणी पाय फरशीवर ठेवला तर गार लागतो, शेजारच्या सतरंजीवर ठेवला तर लागत नाही. दोन्हींचं तापमान मात्र सारखंच असतं. फरशी पायातली उष्णता पटकन ओढून घेते, एवढाच फरक. कापडातला हा गुण मोजतात त्याला क्यू-मॅक्स म्हणतात. कापडापेक्षा गरम असलेली एक छोटी पट्टी कापडावर टेकवायची आणि पहिल्या क्षणी, सेकंदाच्या एका अंशात, उष्णतेचा ओघ कमाल किती झाला ते नोंदवायचं.

हा गुण खरा आहे. गुळगुळीत, दाट विणीचं नायलॉन किंवा पॉलिएथिलीनच्या धाग्याचं कापड हाताला खरोखर गार लागतं, कारण त्वचेला टेकणारा पृष्ठभाग जास्त असतो आणि मध्ये हवा कमी अडकते. केसाळ, मऊ ब्रश केलेलं कापड उबदार लागतं तेही याच कारणाने.

पण आकडा वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे पट्टी आणि कापड यांच्यात तापमानाचा फरक किती ठेवला होता. जपानच्या जेआयएस एल १९२७ या पद्धतीत हा फरक १० अंशांचा धरून मोजता येतो, चीनच्या जीबी/टी ३५२६३ मध्ये तो १५ अंशांचा आहे आणि काही प्रयोगशाळा २० अंशांवर मोजतात. फरक दुप्पट केला की तेच कापड जवळपास दुप्पट आकडा दाखवतं. त्यामुळे एका ब्रँडचा ०.४ आणि दुसऱ्याचा ०.२ पाहून पहिलं कापड दुप्पट गार असं समजू नका. अहवालात तापमानाचा फरक लिहिला नसेल तर तो आकडा तुलनेला घेऊच नका. चिनी मानकात ०.१५ च्या वर गेलं की ‘स्पर्शशीत’ म्हणता येतं, म्हणजे ती उत्तीर्ण होण्याची किमान रेषा आहे. ‘मानकानुसार प्रमाणित’ या शब्दांमागे कधी कधी एवढंच असतं.

दुसरा फास मोठा आहे. क्यू-मॅक्स पहिल्या क्षणाचा आकडा आहे, पाचव्या मिनिटाचा नाही. फरशी गार राहते, कारण तिच्याखाली जाडजूड वस्तुमान आहे. चादरीखाली काय आहे? फोम किंवा कापूस, म्हणजे उष्णता अडवणारीच वस्तू. अर्ध्या मिलिमीटरचं कापड अंगाच्या तापमानाला यायला फार वेळ लागत नाही. मग कूस बदलायची, शेजारची गार जागा पुन्हा सुखावते, आणि तीही तापते. ज्यांना झोप लागेपर्यंतची पहिली काही मिनिटंच त्रास होतो त्यांना असा अभ्रा आवडतो, आणि त्यांचं काही चुकत नाही. रात्रभर गार राहील या आशेने मात्र तो घेऊ नका.

३. पीसीएम: इथे ज्यूलचा हिशेब कराच

पीसीएम म्हणजे विशिष्ट तापमानाला वितळणारा, मेणासारखा पदार्थ. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्यांत भरून कापडावर लावतात किंवा धाग्यात मिसळतात. वितळताना तो उष्णता शोषतो, पुन्हा गोठताना सोडतो. १९८०च्या दशकात अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी नासाच्या पैशावर यावर संशोधन झालं. पाकिटावर नासाचं नाव दिसतं ते तिथून आलेलं. इतिहास खरा आहे, पण त्यावरून तुमच्या चादरीत हा पदार्थ किती आहे ते कळत नाही.

प्रश्न त्या ‘किती’चाच आहे. नेहमी वापरला जाणारा ऑक्टाडेकेन हा पॅराफिनचा प्रकार २८ अंशांच्या आसपास वितळतो आणि ग्रॅममागे साधारण २४० ज्यूल शोषतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण कापडात तो थोडाच असतो. जास्त भरला तर कापड कडक होतं, जड होतं, हवा अडवतं. म्हणून अहवालात शुद्ध पदार्थाचा आकडा बघू नका, तयार कापडाचा बघा, ज्यूल प्रति ग्रॅम असा.

आता आपली चादर घेऊ. वजन २०० जीएसएम, तयार कापडाची क्षमता १० ज्यूल प्रति ग्रॅम. पाठीवर झोपल्यावर अंगाखाली साधारण अर्धा चौरस मीटर कापड येतं असं धरा. म्हणजे १०० ग्रॅम कापड आणि त्यात १,००० ज्यूलची जागा. झोपलेला प्रौढ माणूस ७०-८० वॅट उष्णता सोडतो. त्यातले फक्त २० वॅट गादीकडे जातात असं मानलं तरी सेकंदाला २० ज्यूल झाले. १,००० भागिले २०, उत्तर ५० सेकंद. प्रत्यक्षात उष्णता एकसारखी जात नाही, त्यामुळे परिणाम थोडा लांबेल, पण हिशेब मिनिटांचाच राहतो, तासांचा होत नाही. जाड गादीपॅडमध्ये याच्या दहापट पीसीएम असेल तरी आठ-दहा मिनिटं मिळतील.

विक्रेते यावर म्हणतात की पदार्थ पुन्हा गोठतो आणि पुन्हा काम करतो. गोठतो, पण कधी? आजूबाजूचं तापमान २८ च्या खाली गेलं तर. तुम्ही त्यावर झोपलेले असताना खालचं कापड गार कसं होणार? आणि खोलीच ३२ अंशांवर असेल तर कुप्यांमधलं मेण तुम्ही आडवे होण्याआधीच वितळून बसलेलं असतं. ज्या रात्री गारव्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच रात्री हे कापड साध्या कापडासारखं वागतं. पीसीएमची कोणतीही वस्तू घेताना वितळण्याचं तापमान विचारण्याचं कारण हेच. ते तुमच्या खोलीच्या तापमानापेक्षा वर आणि त्वचेच्या, म्हणजे ३३-३४ अंशांच्या, खाली असायला हवं. एवढ्या अरुंद फटीत ते बसलं तरच काही मिनिटांचा तो फायदा पदरात पडतो.

तुलनेसाठी आणखी एक हिशेब. साधं सुती कापड एक अंश तापायला ग्रॅममागे साधारण १.३ ज्यूल घेतं. म्हणजे तेच १०० ग्रॅम सुती कापड खोलीपेक्षा आठ अंश गार करून अंथरलं तर त्यातही हजारेक ज्यूल मावतात.

मग पीसीएम थोतांड आहे का? अजिबात नाही. भट्टीजवळ काम करणाऱ्यांसाठीच्या जाकिटात त्याच्या जाड पिशव्या असतात. दीड किलो पदार्थ, ग्रॅममागे २०० ज्यूल, म्हणजे तीन लाख ज्यूल. १०० वॅटच्या हिशेबाने ते पाऊण तासाच्या वर चालतं. तत्त्व तेच, फक्त वजन खरं आहे. थंडीतून उबेत आणि उबेतून थंडीत सारखं ये-जा करणाऱ्याच्या हातमोज्यातही थोडा पीसीएम तापमानाचे झटके मऊ करतो.

४. घाम: खरी ताकद इथे आहे

एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना साधारण २,४०० ज्यूल घेऊन जातो. आधी हिशेब केलेल्या चादरीची अंगाखालची सगळी पीसीएम क्षमता अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी घामाएवढी भरली. हे एकदा डोक्यात बसलं की जाहिराती वेगळ्याच दिसू लागतात. कापडाचं सगळ्यात मोठं काम घामाच्या वाटेत न येणं हे आहे, आणि जमलं तर त्याला मदत करणं.

मदत म्हणजे घामाचा थेंब पसरवून त्याचा पृष्ठभाग वाढवणं. चांगल्या बनावटीचं पॉलिस्टर हे करतं. ओघळून जमिनीवर पडलेला घाम मात्र काहीच थंड करत नाही.

पण ‘दुप्पट वेगाने सुकतं’ या दाव्यात एक मेख आहे. पातळ पॉलिस्टर मुळात पाणीच कमी धरतं, म्हणून पूर्ण भिजवून पिळलं तर लवकर सुकतं. लवकर सुकणं आणि जास्त थंड करणं एकच नव्हे. थंडावा ठरतो तो अंगाजवळ किती ग्रॅम पाणी उडालं यावर. कोरड्या उन्हात संथ काम करत असाल तर ओलं सुती कापड जास्त वेळ गार ठेवतं, कारण ते पाणी धरून हळूहळू सोडतं. धावायला जात असाल तर तेच सुती कापड जड होतं, अंगाला चिकटतं आणि थांबल्यावर हुडहुडी भरवतं. माझं मत विचाराल तर धावपळीसाठी पॉलिस्टर आणि बसून-झोपून राहण्यासाठी पातळ, सैल विणीचं सुती किंवा लिनन.

दमट हवेत या साऱ्यालाच मर्यादा पडते. हवेत आधीच वाफ भरलेली असली की घाम उडत नाही. ३२ अंशांच्या हवेत आर्द्रता ३० टक्क्यांवरून ८० वर गेली तर घाम उडवणारा जोर निम्म्याहूनही खाली येतो. तेव्हा कोणताही धागा चमत्कार करत नाही. कामाला येतो तो पंखा, आणि त्याची हवा आत शिरू देणारं सैल कापड.

‘हवेशीर’ असल्याचा पुरावा म्हणून आयएसओ ११०९२ या चाचणीचा आकडा दाखवतात, तो जितका कमी तितकं चांगलं. पावसाळी जाकिटं निवडताना तो फार उपयोगी आहे. पातळ टी-शर्टच्या बाबतीत मात्र बहुतेक कापडं चांगल्या गटातच येतात, त्यामुळे तिथे त्याने निवड होत नाही.

५. लावलेल्या द्रव्याचा थंडावा

मेन्थॉल त्वचेतल्या थंडी जाणवणाऱ्या ग्राहींना चेतवतं. गार वाटतं, पण त्वचेतून एक ज्यूलही जास्त बाहेर जात नाही. झायलिटॉलसारखी शर्करा घामात विरघळताना खरोखर उष्णता शोषते, ग्रॅममागे साधारण दीडशे ज्यूल. मात्र जे पाण्यात विरघळतं ते धुण्यातही जातं. या जातीच्या कोणत्याही कापडासाठी एकच प्रश्न पुरे: किती धुलाईनंतरचा अहवाल आहे?

६. घरची चाचणी

दोन्ही कापडं आधी एकदा धुवून पूर्ण वाळवा. नव्या मालावरचं फिनिश सगळ्या चाचण्या बिघडवतं. मग दोन्ही एकाच खोलीत, एकाच ठिकाणी काही तास राहू द्या.

स्पर्शासाठी: डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी दोन्ही कापडं आळीपाळीने तुमच्या हाताच्या आतल्या बाजूवर ठेवायला सांगा. गार कुठलं ते लगेच सांगा. मग प्रत्येक कापड दुमडलेल्या गोधडीवर पसरून त्यावर हात दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा सांगा. पहिल्या वेळी फरक स्पष्ट आणि दुसऱ्या वेळी ओळखताच आला नाही, तर तुमच्या हातात क्यू-मॅक्सचं कापड आहे, त्यापलीकडे काही नाही.

घामासाठी: कापड एखाद्या वाटीवर ताणून बसवा आणि ड्रॉपरने एक थेंब टाका. लगेच शोषला गेला तर उत्तम. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर ‘घाम टिपणारं’ हे शब्द खोटे, किंवा फिनिश गेलेलं. मग दोन्ही कापडांवर मधोमध पाच-पाच ग्रॅम पाणी टाका, वजन करा, शेजारी शेजारी टांगा आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा वजन करा. ओला डाग किती पसरला तेही पाहा. पाणी दोन्हीवर सारखं मोजून टाका. दोन्ही बादलीत बुडवून तुलना केली तर वर सांगितलेल्या मेखेत अडकाल.

हवेसाठी: कापड तोंडाला लावून फुंकर मारा आणि दुसरा हात पलीकडे धरा. चाचणी ओबडधोबड आहे, पण दाट विणीची ‘कूलिंग’ चादर इथे उघडी पडते. स्पर्शाला गार लागण्यासाठी जी दाट, गुळगुळीत वीण केली तीच हवा अडवते. हे दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, आणि दोन्हींचा दावा एकाच पाकिटावर असेल तर दोन्ही आकडे मागा.

हे सगळं पाच-सहा धुलाईनंतर पुन्हा करून पाहा. कपडे मऊ करणारं द्रव्य धुताना टाकू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम टिपण्याची क्षमता घटते, मग दोष कापडाचा की धुण्याचा ते कळत नाही.

७. चित्रं आणि ‘पाच अंश’

थर्मल कॅमेऱ्यात आपलं कापड निळं आणि दुसरं लाल, हे चित्र फार चालतं. कॅमेरा कापडाचा बाहेरचा पृष्ठभाग बघतो, आतली त्वचा बघत नाही. जाड लोकरीचा कोटही बाहेरून निळाच दिसेल, कारण तो उष्णता आत कोंडतो. शिवाय कापड नुकतंच अंगावर चढवलेलं असलं तरी ते निळं दिसतं.

‘पाच अंश थंड’ वाचलं की विक्रेत्याला लेखी विचारा: कशापेक्षा पाच अंश? मोजमाप कापडावर की त्वचेवर? स्पर्शानंतर किती मिनिटांनी? खोलीचं तापमान आणि आर्द्रता किती होती? पीसीएम असेल तर तयार कापडाची क्षमता किती आणि वितळण्याचं तापमान किती? अहवाल धुण्याआधीचा की नंतरचा? अहवालावर नमुन्याचं वर्णन आणि जीएसएम असतं, ते तुमच्या वस्तूशी जुळतं का तेही पाहा. एका धाग्याच्या नमुन्यावर केलेला अहवाल त्याच ब्रँडच्या दहा वेगवेगळ्या वस्तूंवर लावलेला मी पाहिला आहे.

ज्यांच्याकडे माल खरा असतो ते यातल्या निदान तीन-चार प्रश्नांना आकड्यांत उत्तर देतात, कधी कधी न विचारता मर्यादाही सांगतात. उत्तरात पुन्हा जाहिरातीचंच माहितीपत्रक आलं, तर वस्तूच्या रंगावर, शिलाईवर आणि सुताच्या दर्जावर भाव ठरवा, थंडाव्याचे वेगळे पैसे देऊ नका.